माजघरातल्या तुळईचे टोक भिंतीत कुजले आहे : किती कापावे आणि किती वाचवावे?

माजघर | २२ सप्टेंबर, रात्री ९.४०

राजापूर तालुक्यातील आमचे घर पणजोबांनी बांधलेले आहे. भिंती चिऱ्याच्या, छप्पर मंगलोरी कौलांचे आणि माजघरावर फळ्यांचा माळा आहे. हा माळा ऐनाच्या चार तुळयांवर उभा असून प्रत्येक तुळईचे एक टोक पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीत आणि दुसरे मधल्या भिंतीत गेलेले आहे. आम्ही पुण्यात राहत असल्यामुळे मे महिन्यानंतर घर बंद होते ते थेट गणपतीला उघडले. माजघरात शिरताच ओल्या मातीसारखा, किंचित अळंबीसारखा वास आला. दुसऱ्या तुळईच्या पश्चिमेकडील टोकाशी, भिंतीला लागून, तळहाताएवढे तपकिरी कानासारखे काहीतरी उगवलेले दिसले आणि त्याच्या मागे तुळईवर पांढरे, पंख्यासारखे पसरलेले धागे होते.

मी ते कोरड्या फडक्याने पुसले, तेव्हा कान हातात आला आणि त्याच्या खालचे लाकूड दाबल्यावर बोट किंचित आत गेले. तुळई साधारण आठ इंच रुंद आणि नऊ इंच उंच आहे, आणि दोन भिंतींमधले अंतर बारा फूट आहे. याखेरीज मागील दाराची फणसाची चौकटही खालून, म्हणजे फरशीपासून पाऊण फुटापर्यंत, भुसभुशीत झालेली आहे.

गावातील एका ठेकेदाराने माळा पूर्ण उतरवून चारही तुळया लोखंडी गर्डरने बदलण्याचा सल्ला दिला. मला तो पटलेला नाही, परंतु नाही म्हणण्याइतके ज्ञानही माझ्याजवळ नाही. नेमके किती लाकूड गेले आहे हे कसे ओळखावे आणि उरलेले वाचवता येते का, याबद्दल अनुभवी लोकांनी लिहावे.

---

काजूबाग | २२ सप्टेंबर, रात्री १०.२५

यात घाबरण्यासारखे काही नाही. आमच्याकडे पूर्वापार काजूच्या टरफलाचे काळे तेल लाकडाला लावतात. माझ्या गोठ्याचे खांब चाळीस वर्षांचे आहेत आणि त्यांना आजतागायत काही झालेले नाही. हातमोजे मात्र अवश्य घाला, कारण ते तेल अंगाला लागले तर कातडी सोलवटून निघते. तुळई घासून स्वच्छ करा, तेलाचे दोन हात द्या आणि निश्चिंत राहा. तेल मिळाले नाही तर गाडीचे जळके तेलही चालते.

---

नदीकाठ | २२ सप्टेंबर, रात्री ११.०५

माझाही असाच प्रश्न आहे. आमच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराच्या चौकटीवर काळे ठिपके आले आहेत आणि खाली बारीक भुसा पडतो. वाळवीवाल्यांना बोलावले होते, त्यांनी फवारणी करून पैसे घेतले, तरी भुसा पडायचा थांबत नाही. धागाकर्त्यांनीही आधी फवारणी करून घ्यावी असे मला वाटते.

---

सुतारपक्षी | २३ सप्टेंबर, सकाळी ७.१५

जुन्या वाड्यांच्या लाकूडकामाची दुरुस्ती हाच माझा तीस वर्षांचा व्यवसाय होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नदीकाठ, तुमचा प्रश्न वेगळा आहे. बारीक भुसा पडतो आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसतात तेव्हा तो भुंगेऱ्याच्या जातीचा किडा असतो. जमिनीतून येणारी वाळवी भुसा पाडत नाही, ती मातीच्या नळ्या करून येते आणि आतून लाकूड पोखरते. काळे ठिपके फडक्याने पुसले जात असतील तर ती पृष्ठभागावरची बुरशी आहे. ती लाकडाची ताकद खात नाही, फक्त तिथे ओल आहे एवढे सांगते. माजघर यांनी वर्णन केलेला प्रकार या तिन्हींपेक्षा निराळा आहे. त्यात लाकूड स्वतःच बुरशीचे अन्न झालेले असते. जो कान तुम्ही तोडलात ते त्या बुरशीचे फळ होते. झाडाचे फळ तोडल्याने झाड मरत नाही, तसेच हे आहे. खरा पसारा लाकडाच्या आत असतो, आणि कान उगवला याचा अर्थ आतले काम किमान एक-दोन पावसाळे चाललेले आहे.

माजघर, आता तुम्ही एक करा. जाड सुतारी टोच्या किंवा जुना पेचकस घ्या. भिंतीपासून सुरुवात करून दर सहा इंचांवर तुळईच्या दोन्ही बाजूंना आणि तळाला तो सारख्या जोराने दाबा आणि किती आत जातो ते लिहून ठेवा. नंतर त्याच ठिकाणी टोच्याचे टोक रेषांच्या दिशेने तिरपे घालून एक सळपी वर उचला. निरोगी लाकडाची सळपी लांब, धारदार निघते आणि तुटताना कडकन आवाज करते. कुजलेल्या लाकडाची सळपी बोटभर लांबही होत नाही, आवाज न करता मध्येच मोडते. ही दुसरी परीक्षा पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, कारण कुजण्याच्या सुरुवातीला लाकूड हाताला घट्टच लागते आणि रंगही फारसा बदलत नाही, परंतु त्याची ताकद बरीच गेलेली असते. हातोडीने ठोकून आवाजही ऐका, मात्र निव्वळ आवाजावर विसंबू नका.

काजूबाग यांच्या तेलाबद्दल सायंकाळी लिहितो.

---

माजघर | २४ सप्टेंबर, दुपारी ३.३०

सुतारपक्षी, आपण सांगितल्याप्रमाणे केले. भिंतीलगत टोच्या दोन इंच सहज गेला. तिथले लाकूड फिकट, जवळजवळ पांढरे पडले असून त्याचे काथ्यासारखे धागे निघतात. ओल्या कापसासारखे बोटांना चिकटतात. सहा इंचांवर टोच्या एक इंच गेला. एक फुटावर वरवर काही दिसत नव्हते, टोच्याही पाव इंचापेक्षा जास्त गेला नाही, पण सळपी उचलली तेव्हा ती बिस्किटासारखी तुटली. दीड फुटावर पहिल्यांदा लांब सळपी निघाली आणि आवाजही झाला. त्यापुढे सर्वत्र लाकूड इतके कठीण आहे की मनगट दुखू लागले. उरलेल्या तीन तुळयांपैकी तिसरीच्या टोकाशी टोच्या अर्धा इंच गेला; पहिली आणि चौथी ठणठणीत आहेत.

मित्राकडून ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे यंत्र आणले. दुसऱ्या तुळईवर भिंतीलगत ३४, एका फुटावर २७, दोन फुटांवर २१ आणि मध्यभागी १७ टक्के असे आकडे आले. १७ हा आकडाही जास्तच आहे ना?

---

सुतारपक्षी | २४ सप्टेंबर, रात्री ८.५०

१७ ची काळजी करू नका. कोकणात पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की पाण्याचा थेंबही न लागलेले लाकूड १७-१८ दाखवते, आणि तेवढ्यावर ही बुरशी जगत नाही. तिला वाढायला साधारण २८-३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लाकडाचे धागे पाण्याने भरून जातील इतकी ओल लागते. २० च्या खाली लाकूड राहिले तर ते सुरक्षित समजतात. निव्वळ दमट हवेने तुळई कुजत नाही, तिला कुठून तरी प्रत्यक्ष पाणी मिळत असते. तुमचा ३४ हा आकडा मात्र अक्षरशः घेऊ नका. तीसच्या वर ही यंत्रे फक्त "ओले" एवढेच विश्वासाने सांगतात.

तुमच्या आकड्यांतच पाणी कुठून येते त्याचे उत्तर आहे. कौल फुटून वरून गळत असते तर तुळईच्या वरच्या अंगाला, जिथे थेंब पडतो तिथे ओल सर्वांत जास्त सापडली असती. इथे ओल भिंतीकडे सर्वांत जास्त आहे आणि दूर जाताना उतरत गेली आहे. म्हणजे पाणी भिंतीतून येते आणि तुळईचे टोक ते पिते. लाकूड आडव्या अंगाने पाणी सावकाश घेते, पण कापलेल्या टोकातून गवताच्या काडीसारखे ओढते. त्यात ते टोक चिऱ्यात चहूबाजूंनी बंद असते, वारा लागत नाही, म्हणून घेतलेले पाणी परत जात नाही. जुन्या घरांत तुळया मधोमध क्वचितच कुजतात, टोकांना कुजतात, त्याचे कारण हेच.

आता बाहेर जाऊन नेमके त्याच उंचीवर भिंत पाहा. अलीकडच्या काळात तिथे काय बदल झाला आहे, ते सांगा.

---

लेस्टरकर | २५ सप्टेंबर, पहाटे २.१०

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे पांढरे धागे आणि असा कान दिसला की लोकांची झोप उडते, कारण ही बुरशी भिंतीच्या आतून कित्येक फूट प्रवास करून कोरड्या लाकडापर्यंत पोहोचते. आमच्या शेजाऱ्यांकडे कुजलेल्या भागाच्या पलीकडचे दीड फूट निरोगी लाकूडही कापून टाकले, गिलावा उकरला आणि भिंतीत भोके पाडून औषध भरले. तुम्हीही भिंत उकरून घ्यावी असे मला वाटते. उगीच हयगय नको.

---

सुतारपक्षी | २५ सप्टेंबर, सकाळी ८.००

लेस्टरकर, आपण सांगता ती बुरशी खरी आहे आणि तिच्याविषयीची तुमच्याकडची भीतीही अकारण नाही. परंतु ती थंड हवेची आहे. साधारण २०-२२ अंशांना ती जोमाने वाढते आणि २६ च्या पुढे तिची वाढ जवळपास थांबते. आपल्या देशात तिचे मूळ घर हिमालयातल्या जंगलांत आहे. राजापूरच्या भिंतीत ती नांदणार नाही. माजघर यांनी सांगितलेले पांढरे, काथ्यासारखे लाकूड आपल्याकडे कठीण लाकडावर नेहमी दिसणाऱ्या पांढऱ्या कुजीचे लक्षण आहे. तुम्ही म्हणता ती आणि तिच्या जातीच्या इतर बुरशी लाकडाला गडद तपकिरी करतात, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी ठोकळे होतात आणि चिमटीत त्याची पूड होते. तसे दिसले असते तर मी वेगळे लिहिले असते. इथे पाणी तुटले की बुरशीही थांबते, भिंत उकरण्याची गरज नाही.

काजूबाग, तुमचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. ते तेल वाळवीला आवडत नाही आणि कोरड्या लाकडावर पाणीही टिकू देत नाही. तुमच्या गोठ्याचे खांब मोकळ्या वाऱ्यात आहेत, पाऊस गेला की आठ दिवसांत सुकतात. पण ते तेल वरच्या कातडीपुरते राहते, बुरशी आत दोन इंचांवर बसलेली असते. ओल्या तुळईला तेलाचे दोन हात दिले तर आतले पाणी बाहेर पडण्याचा रस्ताच बंद होतो. वरून चकचकीत आणि आतून पिठासारख्या झालेल्या तुळया मी स्वतः उतरवल्या आहेत. जळके तेल तर घरात मुळीच नको. वास जात नाही आणि आग लागली तर तेच आधी पेटते.

---

काजूबाग | २५ सप्टेंबर, सकाळी ९.२०

कोरड्या लाकडालाच लावायचे हे मी लिहायला हवे होते, हे मान्य. तरी माझा अनुभव खोटा नाही.

---

माजघर | २८ सप्टेंबर, सायंकाळी ६.१५

बाहेर पाहून आले. पाच वर्षांपूर्वी पश्चिमेच्या भिंतीला लागून पत्र्याची पडवी घातली होती. पत्रा जिथे भिंतीला टेकतो ती जागा बरोबर तुळयांच्या टोकांच्या वीतभर वर आहे. तिथे सिमेंटची गोलाई करून सांधा बुजवलेला होता, तो आता पत्र्यापासून सुटला असून फटीत माझी करंगळी जाते. वरच्या कौलांच्या पागोळ्या थेट त्या सांध्यावर पडतात. शिवाय त्याच वेळी भिंतीला चुन्याच्या जागी सिमेंटचा गिलावा केला होता, आणि दुसऱ्या व तिसऱ्या तुळईच्या मध्ये त्याला उभी भेग आहे. भावाने बादलीने पत्र्यावर पाणी ओतले, मी आत उभी होते. सुमारे दहा मिनिटांनी दुसऱ्या तुळईच्या खाली चिऱ्यावर ओल उतरू लागली.

---

सुतारपक्षी | २८ सप्टेंबर, रात्री ९.३०

अगदी नेमकी परीक्षा केलीत. आता क्रम असा ठेवा.

आजच, दुसरे काहीही करण्याआधी, दुसऱ्या तुळईला टेकू द्या. भिंतीपासून अडीच फुटांवर, म्हणजे लाकूड निरोगी आहे तिथे. टेकूखाली जमिनीवर जाड फळी ठेवा, म्हणजे भार पसरेल, आणि टेकू फक्त तुळईला घट्ट लागेल इतकाच चढवा. तुळई वर उचलण्याचा प्रयत्न करू नका, वरच्या फळ्या आणि भिंत दोन्ही तडकतात. तिसरीलाही द्या. माळ्यावर भाताच्या कणग्या किंवा जुने सामान असेल तर ते उतरवा.

मग पाणी तोडा. सिमेंट पुन्हा थापून उपयोग नाही, कारण पत्रा उन्हात लांबतो आणि रात्री आखडतो, त्यामुळे सांधा दरवर्षी सुटणार. भिंतीत अर्धा-पाऊण इंचाची आडवी खाच पाडून तिच्यात वाकवलेली पत्र्याची पट्टी बसवा आणि ती पडवीच्या पत्र्यावर मोकळी सोडा. वर पन्हळ लावून पागोळ्या दुसरीकडे न्या.

तिसरे काम वाट पाहण्याचे आहे आणि तेच लोकांना जमत नाही. तुळईच्या टोकाभोवतीचे चिरे आतल्या बाजूने एक-एक इंच मोकळे करा, तिथे हवा लागू द्या, खिडक्या उघड्या ठेवा. पृष्ठभाग दिवाळीपर्यंत कोरडा लागेल, पण नऊ इंचांचे लाकूड आतून सुकायला महिने जातात.

---

आराखडा | २९ सप्टेंबर, सकाळी १०.४५

मी स्थापत्य अभियंता आहे. वाट पाहणे ठीक, पण टोकाचा फूट-दीड फूट भाग आणि भिंतीतला भाग ताकदीच्या हिशेबातून शून्य धरावा लागेल. माझ्या मते निरोगी भागाला दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल बोल्टने आवळून चॅनेलची टोके भिंतीत टेकवावीत. लाकडाला लाकूड जोडण्यापेक्षा हे मोजता येते आणि टिकते.

---

सुतारपक्षी | २९ सप्टेंबर, रात्री ८.१०

हिशेबाबाबत आराखडा यांच्याशी सहमत आहे, लोखंडाबाबत नाही. ओल्या चिऱ्यात समुद्राकडच्या हवेत चॅनेलची टोके गंजतात, फुगतात आणि चिरा फोडतात. मी दोन्ही बाजूंना तुळईच्याच उंचीच्या, तीन-तीन इंच जाडीच्या, मुरलेल्या ऐनाच्या किंवा सागाच्या फळ्या लावतो. लाकूड गाभ्याचेच हवे. सागाचा असला तरी कडेचा पांढरा भाग इतर कोणत्याही पांढऱ्या लाकडासारखाच कुजतो. बोल्टची संख्या आणि फळीची लांबी अभियंत्याकडून काढून घ्या, ती अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही.

---

आराखडा | २९ सप्टेंबर, रात्री ९.००

जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड वापरले तर गंजाचा मुद्दा बराचसा निघून जातो. पण त्या घरात कोणते साहित्य आणि कोणता कारागीर मिळतो यावर निर्णय अवलंबून राहील, हे मी मान्य करतो.

---

नदीकाठ | ३० सप्टेंबर, दुपारी १.२०

माझ्या चौकटीला टाचणीच्या डोक्याएवढी भोके खरोखरच सापडली. वाळवीचे पैसे फुकट गेले. पण चौकट खाली, फरशीलगत, मऊही आहे. म्हणजे दोन्ही झाले आहे का?

---

सुतारपक्षी | ३० सप्टेंबर, रात्री १०.००

होऊ शकते. कुजलेले ओले लाकूड काही किड्यांना आणि वाळवीला सोपे जाते, म्हणून एकाच्या मागून दुसरे येते. आणि तुमची चौकट व माजघर यांची मागच्या दाराची चौकट एकाच रोगाने आजारी आहेत. चौकटीचे पाय फरशीत रोवलेले असतात. फरशी धुताना पाणी त्या फटीत उतरते आणि पायाचे कापलेले टोक ते वर ओढते, तुळईसारखेच. पूर्वी चौकट दगडी उंबऱ्यावर उभी असे. नंतर लोकांनी नव्या फरशीचा थर जुन्यावर चढवला आणि चौकटीचे पाय त्यात दोन इंच गाडले गेले. माजघर, तुमच्याकडे तसे आहे का ते पाहा.

---

माजघर | १९ नोव्हेंबर, रात्री ९.१५

बराच काळ लिहिता आले नाही. पत्र्याची पट्टी आणि पन्हळ बसवून झाले. भेगेच्या दोन्ही बाजूंचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला. पूर्ण भिंतीचा काढण्याइतके पैसे यंदा नाहीत. दुसऱ्या तुळईवर भिंतीलगत आता २४ आणि एका फुटावर १९ येते. मागच्या दारी खरोखरच फरशीचे दोन थर निघाले. वरचा थर काढल्यावर चौकटीचा पाय चिखलासारखा झालेला दिसला. मात्र छिन्नीने पांढरा भाग काढत गेल्यावर आत पिवळसर गाभा निघाला आणि तो दीड इंच जाडीचा, घट्ट आहे.

आता औषध कधी आणि कोणते द्यावे?

---

सुतारपक्षी | २० नोव्हेंबर, सकाळी ७.४०

औषधाची हीच वेळ आहे. टाकणखार आणि बोरिक पावडर घ्या. टाकणखार सोनारांच्या सामानाच्या दुकानात मिळतो. दहा लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार आणि ४०० ग्रॅम बोरिक एकत्र विरघळवा. दोन्ही एकत्र असले की वेगवेगळ्यापेक्षा पुष्कळ जास्त विरघळतात, म्हणून प्रमाण बदलू नका. हे औषध ओलाव्याच्या वाटेने आत झिरपते, त्यामुळे लाकूड अर्धवट ओले असतानाच ते खोलवर जाते. पूर्ण सुकलेल्या लाकडात ते वरच राहील.

मऊ झालेले सर्व लाकूड छिन्नीने काढून टाका. त्यानंतर भिंतीपासून दोन फुटांच्या भागात तुळईच्या बाजूंनी, खाली उतरती, १० मिलिमीटरची सात-आठ भोके पाडा, एका ओळीत नव्हे तर वर-खाली. तळाच्या दोन इंचांत भोक पाडू नका. मोठ्या सिरिंजने कोमट औषध भरा, जिरले की पुन्हा भरा, असे तीन-चार दिवस करा आणि मग लाकडी खुंट्या ठोकून बंद करा. उरलेल्या तुळयांच्या टोकांना ब्रशने दोन-तीन हात द्या. हातमोजे घाला, भांडी स्वयंपाकाची वापरू नका, मुलांना आणि गुरांना दूर ठेवा आणि उरलेले पाणी झाडांच्या मुळाशी ओतू नका, झाडे मरतात.

दोन गोष्टी या औषधाने होत नाहीत. गेलेली ताकद परत येत नाही. आणि पावसाचे पाणी लागले की ते धुऊन जाते. म्हणून तुळईला ते उत्तम, पण मागच्या दाराच्या बाहेरच्या अंगाला रंग दिल्याशिवाय टिकणार नाही.

चौकटीचे पाय वर निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा. काप आडवा नको, तिरका हवा, बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे सांध्यात पाणी थांबणार नाही. खाली जुन्या मुरलेल्या सागाचा तुकडा जोडा, त्याच्या कापलेल्या टोकाला औषध सुकल्यावर रंगाचे दोन-तीन हात चोळून भरा, आणि तो फरशीत गाडण्याऐवजी दोन इंचांच्या दगडावर उभा करा.

---

काजूबाग | २० नोव्हेंबर, सकाळी ९.०५

दारावर मग तेल चालेल ना? बाहेरच्या बाजूला?

---

सुतारपक्षी | २० नोव्हेंबर, सकाळी ९.३०

सुकल्यावर, बाहेरच्या अंगाला, खुशाल लावा. मात्र चौकटीला हात लागतो, तेव्हा पूर्ण वाळेपर्यंत लोकांना सांगून ठेवा.

---

लेस्टरकर | २० नोव्हेंबर, सायंकाळी ५.५०

इथे कुजलेल्या टोकावर इपॉक्सी ओतून लाकूड पुन्हा कठीण करतात. तेही करता येईल का?

---

सुतारपक्षी | २० नोव्हेंबर, रात्री ८.२०

खिडकीच्या नक्षीसाठी मी वापरले आहे. भार घेणाऱ्या तुळईत निव्वळ तेवढ्यावर भरवसा ठेवणार नाही, आणि आत ओल असेल तर कधीच नाही.

---

माजघर | ८ फेब्रुवारी, रात्री ८.३५

अद्ययावत माहिती देते. अभियंत्याच्या हिशेबाने दुसऱ्या तुळईला दोन्ही बाजूंनी सहा-सहा फुटांच्या ऐनाच्या फळ्या बोल्टने जोडल्या. आराखडा यांचा आग्रह आणि सुतारपक्षींचा आग्रह यांत आमच्या सुतारांनीच निवाडा केला, कारण लोखंडाचे काम करणारा माणूस फेब्रुवारीपर्यंत मोकळा नव्हता. फळ्यांची टोके भिंतीतल्या कोनाड्यात डांबरी कागदाच्या थरावर टेकवली आणि तिन्ही बाजूंना एक इंच हवा सोडली. तिसऱ्या तुळईला फक्त औषध दिले. आजचे आकडे असे : दुसरीवर भिंतीलगत १६, एका फुटावर १४; तिसरीवर भिंतीलगत १५. सुतारांनी काढलेला कुजका भाग बादलीत भरला तेव्हा त्याचे वजन काहीच लागले नाही. ओली असताना तीच बादली मला उचलत नव्हती.

दाराची चौकट मात्र अर्धवट आहे. उजवा पाय दगडावर उभा झाला, डाव्या पायाचा गाभा टोच्याला कठीण लागतो, पण सळपी मध्यम लांबीची निघते, पूर्ण लांब नाही. तो कापावा की औषध देऊन या पावसाळ्यात पाहावा, हे ठरत नाही.

---

सुतारपक्षी | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.२५

मी असतो तर औषध दिले असते आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सळपी उचलली असती. चौकटीवर भार फारसा नसतो, तेव्हा वाट पाहण्याचा धोका लहान आहे. दुसऱ्या कुणी कापायला सांगितले तर त्यालाही मी चूक म्हणणार नाही. तिसऱ्या तुळईचा टेकू मात्र हा पावसाळा संपेपर्यंत काढू नका. फेब्रुवारीतले १५ म्हणजे उन्हाचा आकडा आहे. पत्र्याची पट्टी कशी बसली ते जुलैचा आकडा सांगेल, म्हणून यंदा मध्ये एकदा तरी घर उघडून यंत्र लावा.

---

नदीकाठ | ९ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

माझ्या न्हाणीघराची चौकट कापली. खाली दोन नव्हे, फरशीचे तीन थर निघाले.